कॉम्बोने गल्ला वाढला, मग शिल्लक का घटली?

प्रश्न: नाशिकला माझं मिसळीचं छोटं हॉटेल आहे. साधी मिसळ ९०, ताक ३०, गुलाबजाम (दोन नग) ५०. दोन महिन्यांपूर्वी तिन्हींचा कॉम्बो १४० ला लावला. कॉम्बो जोरात चालतोय, रोजचा गल्ला सहा-सातशेने वाढलाय, पण महिनाअखेरीस हातात पूर्वीपेक्षा कमी उरतंय. स्पेशल थाळी (१८०) पण थंडावली. कॉम्बोची किंमत नक्की ठरवायची कशी? मोबाइल कंपन्या सगळं एकत्र देऊनही कमावतात, मग आपलंच कुठे चुकतं?

उत्तर:

कार्डावर कॉम्बोपुढे १४० हा एकच आकडा छापलाय, पण दारात येणाऱ्या माणसांसाठी त्याचे चार वेगळे भाव आहेत. एरवी नुसती मिसळ खाऊन ९० देणाऱ्याला कॉम्बो म्हणजे वरचे ५० रुपये. मिसळ-ताक घेणाऱ्याला वरचे २०. मिसळीवर गुलाबजाम घेणाऱ्याचे आधीच १४० होत होते, त्याला वर काहीच पडत नाही आणि ताक मात्र फुकट मिळतं. तिन्ही घेणाऱ्याला तर तुम्ही दर वेळी ३० रुपये परत देता. नुसत्या १४० कडे कितीही वेळ बघितलं तरी ती किंमत बरोबर की चूक हे कळायचं नाही. ही वरची रक्कम आणि तिच्यासाठी तुम्हाला येणारा वरचा खर्च शेजारी-शेजारी मांडले, की कळतं.

तुम्ही खर्चाचे आकडे दिलेले नाहीत, म्हणून मी हिशोब करण्यापुरते धरतो. तुमचे घालून हाच हिशोब पुन्हा करा. साध्या मिसळीच्या प्लेटला ३६ रुपये धरू. त्यात मटकीची उसळ, फरसाण, दोन पाव, कांदा-लिंबू, गॅस आणि पुन्हा-पुन्हा वाढला जाणारा रस्सा सगळं आलं. रस्सा बरेच जण विसरतात. तो फुकट वाढतात म्हणून खर्चातही धरत नाहीत, पण तेल-मसाल्याचा मोठा भाग तिथेच जातो. ताकाला ९ रुपये, दोन गुलाबजामना २० रुपये. भाडं, पगार, वीज यांना इथे हात लावायचा नाही, कारण कॉम्बो विकला काय नि न विकला काय, ते तेवढेच राहतात. दोन खबरदाऱ्या घ्या. हॉटेलला लागणाऱ्या ५ टक्के जीएसटीत खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून फरसाण, मसाले, डबे यांवर भरलेला कर खर्चातच धरायचा. आणि तुमच्या कार्डावरचे भाव करासकट असतील तर हिशोबाला १४० न धरता १३३ धरा. मी पुढे सगळे भाव कर सोडून धरलेत.

म्हणजे मिसळीमागे ५४ सुटतात, ताकामागे २१, गुलाबजाममागे ३०.

आता कॉम्बो लागायच्या आधीचा एक साधा दिवस घेऊ. साधी मिसळ खाणारी २०० माणसं आली. त्यातली १०० नुसती मिसळ खाऊन गेली, ७० जणांनी ताक घेतलं, १० जणांनी मिसळीवर गुलाबजाम घेतला आणि २० जणांनी तिन्ही घेतलं. गल्ला झाला २२,२०० रुपये. सुटलेले पैसे: पहिल्या शंभरांचे ५,४००, ताकवाल्यांचे ५,२५०, गुलाबजामवाल्यांचे ८४०, तिन्हीवाल्यांचे २,१००. एकूण १३,५९०.

कॉम्बो १४० ला लागला. तिन्ही घेणारे वीसच्या वीस त्यावर येणार, कारण न येण्याचं त्यांना कारणच नाही. मिसळ-गुलाबजामवाले दहाही येतील. ताकवाल्या सत्तरांपैकी समजा ४० जण म्हणाले, वीसच रुपये जास्त आहेत तर घेऊ. नुसत्या मिसळवाल्या शंभरांपैकी १० जण आले, कारण ५० रुपयांची उडी तशी मोठी आहे. दिवसाला ८० कॉम्बो गेले. काउंटरवरून बघणाऱ्याला हे यश वाटणारच. गल्ला २२,९०० झाला, म्हणजे सातशेने वाढला.

आता एकेक गट तपासू. तिन्हीवाल्या वीस जणांमागे ३० प्रमाणे ६०० गेले. गुलाबजामवाल्या दहांना फुकट ताकाचे ९ प्रमाणे ९० गेले. नुसती मिसळ सोडून आलेल्या दहांनी वर ५० दिले, त्यासाठी तुमचा वरचा खर्च २९ झाला, म्हणजे माणशी २१ प्रमाणे २१० आले. आणि ज्यांच्यामुळे कॉम्बो 'जोरात' दिसतोय, त्या ताकवाल्या चाळीस जणांनी वर दिले २० आणि त्यांच्या गुलाबजामचा खर्चही २०. हातात शून्य. चाळीस वाट्या जास्त धुवायच्या, गुलाबजामचा पाक जास्त करायचा, गल्ल्यात ८०० जास्त दिसायचे आणि त्यातला रुपयाही तुमचा नाही.

जमा-वजा केली तर दिवसाला ४८० कमी सुटतात. महिन्याचे तीस दिवस धरले तर १४,४००. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, पण गल्ला वाढून शिल्लक घटते तेव्हा बहुतेक वेळा आतली गोष्ट हीच असते. सवलत आधीपासून जास्त घेणाऱ्यांना मिळते, आणि नव्याने जास्त घ्यायला लागलेले लोक त्या जास्तीच्या पदार्थाचा जेमतेम खर्च देतात.

'पण कॉम्बोमुळे नवी माणसंही येतात,' असं तुम्ही म्हणाल. येत असतील. ४८० भरून काढायला कॉम्बो घेणारी किती नवी माणसं लागतात? एका कॉम्बोत ७५ सुटतात, म्हणजे रोज सात. खरोखर नवी, जी कॉम्बो नसता तर आलीच नसती अशी. कॉलेजच्या रस्त्यावर हॉटेल असेल आणि बाहेर पाटीवर १४० लिहिलेलं असेल तर सात जण येणं अशक्य नाही. हॉटेल गल्लीच्या आत असेल, नेहमीचंच गिऱ्हाईक असेल, तर अवघड आहे.

मोबाइल कंपन्यांचं गणित वेगळं का आहे

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण पुढची दुरुस्ती त्यावरच उभी आहे. दोन गिऱ्हाईकं डोळ्यासमोर आणा. पहिल्याला ताक मनापासून आवडतं, तो त्याचे ३० द्यायला तयार आहे, पण गोडाचे फार तर १५ देईल. दुसरा गोडखाऊ आहे. तो गोडाचे ३५ देईल आणि ताकाचे फक्त १०. सुटे विकायचे तर ताक ३० ला आणि गोड ३५ ला विकणं सगळ्यात बरं. पहिला ताक घेईल, दुसरा गोड, मिळाले ६५. दोन्ही मिळून ४५ ला दिलं तर? दोघांच्याही मनातली बेरीज ४५ च आहे, दोघंही घेतील, मिळाले ९०. ताकाचा खर्च ९ आणि छोट्या गोडाचा १० धरला, तर सुटं विकून ४६ उरतात आणि जोडीने विकून ५२.

आता ताक आवडणाऱ्यालाच गोडही आवडतं असं धरा. एकाच्या मनात ३० आणि ३५, दुसऱ्याच्या मनात १० आणि १५. सुटं विकून पुन्हा ४६ च उरतात. जोडी ६५ ला लावली तर एकटाच घेतो आणि उरतात ४६. २५ ला लावली तर दोघं घेतात, पण उरतात जेमतेम १२. जोडी लावून काही मिळवलं नाही. आवडी एकमेकींच्या उलट असतात तेव्हा जोडीत जास्त पैसा असतो. चित्रपट एकगठ्ठा घ्यायला लावण्याच्या अमेरिकेतल्या पद्धतीचा उलगडा करताना जॉर्ज स्टिगलर या अर्थतज्ज्ञाने १९६३ साली हेच दाखवलं होतं.

मोबाइलच्या प्लॅनमध्ये ही उलट आवड भरपूर आहे. गावाकडचे आजोबा तासन्‌तास बोलतात आणि डेटाला हात लावत नाहीत. त्यांचा नातू दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपवतो आणि फोन क्वचित करतो. दोघांना एकच रिचार्ज विकता येतो. त्याहून मोठी गोष्ट खर्चाची. टॉवर उभा आहे, स्पेक्ट्रमचे पैसे भरून झालेत. आजोबांनी न वापरलेल्या डेटावर कंपनीचा काहीच खर्च होत नाही, आणि मोकळ्या वेळी वापरला तरी जवळजवळ काही होत नाही. म्हणून प्लॅनमध्ये आणखी एक गोष्ट घालणं तिला स्वस्त पडतं. उलट बाजू अशी की ज्याला डेटा नकोच, त्यालाही त्याचे पैसे मोजावे लागतात. म्हणूनच दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं व्हाउचर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा खास व्हाउचरांची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेऊ दिली.

तुमच्या स्वयंपाकघरात न खाल्लेला गुलाबजाम वाचत नाही. तो वाटीत घालून टेबलावर गेला की २० रुपये गेले, मग गिऱ्हाईकाने तो खावो की अर्धा टाकून जावो. म्हणून हॉटेलच्या कॉम्बोत 'आणखी एक गोष्ट घालू, गिऱ्हाईक खूश होईल' हा विचार महागात पडतो. घालायची वस्तू अशी हवी की तिचा खर्च कमी असेल, खर्च आणि भाव यांत अंतर मोठं असेल, आणि आज फार थोडे लोक ती घेत असतील. पहिल्या दोन्ही गोष्टींत ताक बसतं, पण ते आधीच नव्वद जण घेतायत. गुलाबजाम थोडे जण घेतात, पण त्याचा खर्च जास्त. बाटलीबंद थंड पेय तर कॉम्बोत घालूच नका. छापील किमतीत तुम्हाला मिळणारा वाटा इतका लहान असतो की त्यातून सवलत द्यायला जागाच उरत नाही.

भाव वाढवायचा की ताट बदलायचं

पहिला विचार भाव वाढवायचा येतो, तर तो करून बघू. कॉम्बो १५० ला. तिन्हीवाले वीस जण तरी येणार, त्यांच्यामागे २० प्रमाणे ४०० जाणार. ताकवाल्यांना आता वर ३० पडतात, ४० ऐवजी समजा २८ येतील, माणशी १० प्रमाणे २८० मिळतील. नुसत्या मिसळवाल्यांतून सहा आले तर माणशी ३१ प्रमाणे १८६. गुलाबजामवाल्यांतले चार जण ताकाचे वरचे १० देतील, माणशी एक रुपया. सगळं मिळून दिवसाला ७० रुपये वर. खड्डा भरला, पण एवढ्यासाठी कॉम्बो चालवायचं कारण नाही. शिवाय दोन महिने १४० बघितलेल्या माणसाला १५० टोचतात.

म्हणून मी भाव १४० च ठेवून ताट बदलेन. दोन गुलाबजामऐवजी जिलबीची छोटी बशी, खर्च १० रुपयांत बसेल एवढीच. मिसळीबरोबर जिलबी नाशिकला परकी नाही. आणि ही बशी कार्डावर सुटी विकायची नाही. हे महत्त्वाचं आहे. सुटा भाव नसला की गिऱ्हाईक बेरीज करून 'मला किती वाचले' हे पैशात मोजत बसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्याला दोन गुलाबजामच हवेत, तो ते पूर्ण भावाने घेत राहतो. नुसता एक गुलाबजाम कमी केला असता तर नेहमीच्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, 'काल तर दोन होते.' पदार्थच बदलला की तो प्रश्न येत नाही. कॉम्बोचं नावही त्याच दिवशी बदला.

आता खर्च ५५ आणि सुटतात ८५. तिन्हीवाल्या वीसपैकी निम्मे गुलाबजाम सोडून जिलबीवर आले असं धरू, त्यांच्यामागे २० प्रमाणे २०० जातील. निम्मे पूर्वीसारखे १७० देतील. ताकवाल्यांतले ३५ आले तर वरच्या २० तून १० सुटतात, ते झाले ३५०. नुसत्या मिसळवाल्यांतले सहा आले, वर ५० आणि वरचा खर्च १९, म्हणून १८६. गुलाबजामवाल्यांतले चार आले, चार रुपये. बेरीज, दिवसाला ३४० वर. आधी ४८० खाली होता, आता ३४० वर, म्हणजे रोजचा फरक ८२० रुपयांचा. भाव तोच, बदलली फक्त एक बशी आणि नाव.

माझे '३५ येतील, सहा येतील' हे अंदाज आहेत. ते खरे किती हे तुमच्या हॉटेलातूनच कळेल, आणि त्यासाठी कॉम्बोच्या आधीचे गट माहीत असावे लागतात. बिलिंग मशीन महिन्याला 'मिसळ ६,०००, ताक २,७००' असा पदार्थवार अहवाल देतं. तो इथे निरुपयोगी आहे, कारण ताक कोणी कशाबरोबर घेतलं ते त्यात दिसत नाही. कॉम्बोच्या आधीच्या दोन आठवड्यांची बिलं किंवा केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, काढा आणि एकट्या माणसाची बिलं वेगळी करा. चौघांच्या टेबलाचं बिल गट सांगत नाही. चार मिसळी, दोन ताक, एक गुलाबजाम यांतून कोणी काय खाल्लं हे ओळखता येत नाही. एकट्यांची बिलं दीड-दोनशे मिळाली तरी अंदाज पुरेसा बसतो. नंतरची तुलना करताना वार जुळवा, सोमवारशी सोमवार. आणि एकादशी-चतुर्थी दोन्ही बाजूंनी वगळा, कारण त्या दिवशी साबुदाणा खिचडीचं गिऱ्हाईक वेगळं आणि मिसळीचं कमी.

एक बारकी गळती वेटरच्या पातळीवर होते. 'कॉम्बोत ताकाऐवजी चहा द्या' इथपर्यंत ठीक आहे, खर्च जवळपास सारखा. 'ताकाऐवजी लस्सी द्या' ला वेटरने मान डोलावली की तुमचे वरचे सुटणारे १० रुपये तिथेच संपले. बदलून काय मिळेल हे काउंटरवर लिहून ठेवा, दोनच पर्याय.

थाळी का थंडावली

थाळीच्या हिशोबात ही २०० माणसं नाहीत, ती वेगळी. थाळी १८० ची. तिच्यात मिसळ, दही, पापड, ताक, दोन गुलाबजाम आणि जास्तीचे पाव असतील असं धरतो, खर्च ८३, सुटतात ९७. कॉम्बो नव्हता तेव्हा तिच्याखाली कार्डावर ११० ची दही मिसळ होती. गिऱ्हाईक मनात म्हणायचं, सत्तर रुपयांत ताक, गुलाबजाम, पापड, जास्तीचे पाव, बरंय. कॉम्बो आल्यावर तीच थाळी १४० च्या शेजारी आली. ताक आणि दोन्ही गुलाबजाम तर १४० मध्येच मिळतात. मग वरचे ४० कशाचे? एका वाटी दह्याचे, पापडाचे आणि दोन पावांचे. कोण देणार? थाळीचा एक माणूस कॉम्बोवर उतरला की ९७ चे ७५ होतात, २२ रुपये गेले. रोज आठ जण उतरले तर १७६. हे वरच्या ४८० मध्ये धरलेलंच नाही.

म्हणून एकाच पदार्थाच्या चढत्या प्रकारांचे भाव सुटे-सुटे ठरवता येत नाहीत. नवा प्रकार आत घातला की त्याच्या वरच्याचा आणि खालच्याचा अर्थ बदलतो. बदललेल्या जिलबी कॉम्बोसकट तुमची रांग अशी दिसेल:

साधी मिसळ: भाव ९०, खर्च ३६, सुटतात ५४
दही मिसळ: भाव ११०, खर्च ४४, सुटतात ६६
जिलबी कॉम्बो: भाव १४०, खर्च ५५, सुटतात ८५
स्पेशल थाळी: भाव १८०, खर्च ८३, सुटतात ९७

शेवटचा रकाना वरून खाली वाचत जा. प्रत्येक पायरीला सुटणारे रुपये वाढले पाहिजेत. वेटरने 'थाळी घ्या ना साहेब' म्हटल्यावर तुमचं नुकसान होणार नसेल, तरच रांग नीट लागली. आता थाळीत दोन गुलाबजाम आहेत आणि कॉम्बोत छोटी जिलबी, त्यामुळे वरचे ४० कशाचे हेही गिऱ्हाईकाला दिसतं. उतरलाच कोणी, तर २२ ऐवजी १२ रुपयेच जातात.

इथे हिशोबनीस लोक हमखास एक आक्षेप घेतात. थाळीचा खर्च भावाच्या ४६ टक्के, साध्या मिसळीचा ४० टक्के, मग थाळी वाईट. फूड कॉस्टची टक्केवारी स्वयंपाकघरातली नासाडी आणि चोरी पकडायला चांगली आहे, भाव ठरवायला नाही. माणूस ९० तले ५४ ठेवून गेला आणि १८० तले ९७ ठेवून गेला, यांपैकी कशातून भाडं लवकर निघतं? टक्केवारी सुधारायची म्हणून थाळीतलं दही पातळ केलं किंवा पापड काढला, की तिच्या आणि कॉम्बोच्या मधलं अंतर पुन्हा मिटतं आणि थाळी पुन्हा बसते.

पायऱ्यांमधलं अंतरही बघा: २०, ३०, ४०. वर जाताना अंतर थोडं-थोडं वाढत गेलेलं चालतं, कारण वरच्या पायरीवर ती घ्यायच्या तयारीनेच आलेली माणसं असतात. खालची पहिली पायरी मात्र लहानच ठेवा. कार्डावर सगळ्यात वर २५० ची एखादी 'महाराजा थाळी' लिहून ठेवायची, म्हणजे १८० ची स्वस्त वाटेल, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. मोठ्या कार्डाच्या हॉटेलात त्याचा उपयोग होतो. पाच पदार्थांच्या मिसळीच्या हॉटेलात त्या एका थाळीसाठी वेगळं सामान रोज आणून ठेवावं लागतं आणि रात्री ते टाकावं लागतं. मी त्या फंदात पडणार नाही.

ऑनलाइन ऑर्डर आणि रविवार

घरपोच मागवण्याच्या ॲपवर हाच कॉम्बो याच भावाला ठेवू नका. तिथे कमिशन पूर्ण भावावर कापलं जातं, तुम्ही सवलत दिली आहे याची त्याला फिकीर नसते. तुमच्या करारातला दर घाला. उदाहरणापुरतं २५ टक्के धरतो आणि डब्याचा खर्च मिसळ-ताकाला १०, कॉम्बोला १२. मिसळ-ताक १२० ला गेलं तर ७५ तून कमिशनचे ३० आणि डब्याचे १० जाऊन ३५ राहतात. जुना, दोन गुलाबजामचा कॉम्बो १४० ला गेला तर ७५ तून ३५ आणि १२ जाऊन २८. म्हणजे जास्त दिलं आणि सात रुपये कमी मिळाले. जिलबीच्या कॉम्बोत ३८ राहतात, मिसळ-ताकापेक्षा तीनच जास्त. ॲपवर तो १६० ला लावा, किंवा तिथे एकट्याऐवजी दोघांचा कॉम्बो ठेवा. दोन मिसळी, दोन ताक, एक जिलबी एका पिशवीत गेले की निदान डब्याचा आणि पिशवीचा खर्च वाटला जातो.

रविवारी सकाळी तुमच्याकडे बाहेर रांग लागत असेल, तर आतापर्यंतचा सगळा हिशोब त्या चार तासांपुरता बाजूला ठेवा. त्या वेळी कमी आहे ती बसायची जागा, गिऱ्हाईक नव्हे. घड्याळ लावून मोजा. समजा नुसती मिसळ खाणारा १८ मिनिटांत उठतो, मिसळ-ताकवाला २२ मिनिटांत आणि जिलबी येईपर्यंत थांबून गप्पा मारणारा कॉम्बोवाला २८ मिनिटांत. मिनिटाला नुसत्या मिसळीचे ३ रुपये सुटतात, कॉम्बोचेही साधारण ३, आणि मिसळ-ताकाचे ३ रुपये ४० पैसे. म्हणजे रांग असताना ताकवाल्याला कॉम्बोवर नेणं म्हणजे खुर्ची अडवून कमी पैसे घेणं. जुन्या कॉम्बोचे तर मिनिटाला २ रुपये ७० पैसेच पडतात. त्या चार तासांत कॉम्बोची पाटी उतरवा, वेटरला फक्त 'ताक आणू का?' एवढंच विचारायला सांगा, आणि जिलबी पार्सलसाठी काउंटरवर वजनाने विका. पार्सलवाला खुर्ची अडवत नाही.

सोमवार ते शुक्रवार दुपारी तीन ते सहा या रिकाम्या वेळेत मात्र उलटं करता येईल. तेव्हा खुर्च्या मोकळ्या असतात आणि आचारी तसाही बसून असतो. त्या वेळेपुरता कॉम्बो १३० ला लावला तरी ७५ सुटतात. पण मग मिसळ-ताक आणि कॉम्बो यांत दहाच रुपयांचं अंतर उरतं आणि जिलबीचा खर्चही दहाच आहे, म्हणजे एरवीही त्या वेळी मिसळ-ताक खायला येणाऱ्याकडून तुम्हाला काही मिळणार नाही. म्हणून आधी आठवडाभर त्या तीन तासांची बिलं मोजा. नेहमीची माणसं दिवसाला पाच-सातच असतील तर १३० ची पाटी लावायला हरकत नाही. पंचवीस-तीस असतील तर १४० च राहू द्या.